फळ्यावर एक डोंगर काढू नका, दोन काढा

प्रश्न: मी दहावीची वर्गशिक्षिका आहे, पहिलंच वर्ष. पूर्वपरीक्षेनंतरच्या पालकसभेत परीक्षेच्या ताणावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. बी.एड.ला शिकलेला तो उलट्या यू चा आलेख फळ्यावर काढायचा विचार आहे: थोडा ताण चांगला, जास्त झाला की वाईट. पण पालक विचारणारच, थोडा म्हणजे किती? आणि निम्मे पालक म्हणतात, आमचं पोरगं ताणच घेत नाही. त्यांना काय सांगू?

उत्तर:

आलेख जरूर काढा, पण तो एकच डोंगर काढून थांबू नका. सभेतून पालक एवढंच घेऊन घरी जातात की 'बाईच म्हणाल्या, थोडं टेन्शन हवंच', आणि आपण घरी देतो ते 'थोडं'च आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी 26 वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते आहे. पहिली सात-आठ वर्षं मीही तोच एक डोंगर काढत होते. एका वर्षी तर पूर्वपरीक्षेचे गुण पालकांसमोर नावानिशी वाचून दाखवले. म्हटलं, जरा लागू दे मनाला, अभ्यासाला बसतील. काही बसलेही. पण ज्या तीन-चार जणांच्या भल्यासाठी मी ते केलं असं मला वाटत होतं, ते बोर्डात पूर्वपरीक्षेपेक्षाही खाली आले. ते का घडलं हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेव्हापासून माझं भाषण बदललं. ते कसं करते ते सांगते. तुम्ही तुमच्या भाषेत करा.

सुरुवात मी उंदरांपासून करते. उंदीर म्हटलं की पालक हसतात आणि हातातले मोबाइल खाली जातात.

1908 साली अमेरिकेत रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदरासमोर दोन खोकी, एक पांढरं आणि एक काळं. पांढऱ्यात शिरला तर काही नाही, काळ्यात शिरला तर विजेचा झटका. उंदराने शिकायचं ते एवढंच, की पांढऱ्यात जायचं. दोघांनी दोन गोष्टी कमी-जास्त करून पाहिल्या. एक म्हणजे झटक्याचा जोर, आणि दुसरी म्हणजे पांढरं-काळं ओळखायला किती अवघड आहे ते. उजेडात फेरफार करून कधी दोन खोकी ठळक वेगळी दिसतील असं केलं, तर कधी फरक जेमतेम कळेल असं. ओळखणं सोपं होतं तेव्हा झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. ओळखणं अवघड होतं तेव्हा मात्र मधल्या झटक्यावर ते सगळ्यात लवकर शिकले, आणि झटका वाढवला की उलट मागे पडले.

इथे मी फळ्यावर दोन डोंगर काढते. आडव्या रेषेवर लिहिते 'जाग': डावीकडे पेंगणारा, मध्ये तरतरीत, उजवीकडे भेदरलेला. उभ्या रेषेवर 'काम किती नीट होतं'. सोप्या कामाच्या डोंगराचा माथा उजवीकडे, अवघड कामाचा डावीकडे. मग दोन्ही डोंगरांतून एक सरळ उभी रेघ मारते आणि म्हणते, हे बघा, मूल एकच, दिवस एकच, छातीतली धडधडही तेवढीच. पण ह्या रेघेवर सोपं काम जवळजवळ माथ्यावर आहे, आणि अवघड काम पलीकडच्या उतारावरून घसरून पायथ्याशी आलंय.

(हे पालकांना सांगू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. मूळ प्रयोग ताणाचा नव्हता आणि परीक्षेचाही नव्हता. तो शिक्षा आणि शिकण्याच्या वेगाचा होता. आडव्या रेषेवर 'जाग', म्हणजे पुस्तकी भाषेत उद्दीपन, मांडून तो डोंगर लोकप्रिय झाला तो पुढे, 1955 साली कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी तसा काढल्यावर. आणि उंदरांच्या झटक्यावरून 'माणसाला इतका ताण योग्य' असा आकडा निघत नाही. तेव्हा 'थोडा म्हणजे किती' याला एकच आकडा नाही हे पालकांना सरळ सांगा. पण काय बघितलं की कळतं, ते सांगता येतं. पुढचं भाषण तेवढ्यासाठीच आहे.)

डोंगर काढले की पालकांच्या हातात पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा कागद द्या. 40 गुण, दोन तास. पहिला प्रश्न आठ गुणांचा: पर्याय निवडा आणि एकेका ओळीत उत्तर द्या. हे सोपं खोकं. चौथा प्रश्न आठ गुणांचा, त्यात चार-चार गुणांची दोन उदाहरणं, बहुतेकदा शाब्दिक. हे अवघड खोकं. मग एक उदाहरण त्यांच्यासमोर सोडवा. मी हे घेते, कारण ह्याच उदाहरणावर मी एका मुलीला घसरताना पाहिलंय:

'एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा 4 मीटरने जास्त आहे. क्षेत्रफळ 96 चौरस मीटर असेल तर लांबी-रुंदी काढा.'

रुंदी x मानायची, लांबी x + 4. गुणाकार 96, म्हणजे

```
x² + 4x − 96 = 0
(x + 12)(x − 8) = 0
x = 8
```

रुंदी 8, लांबी 12. फळ्यावर तीन ओळी झाल्या. पण सोडवताना मुलाला डोक्यात एकाच वेळी काय काय धरून ठेवावं लागतं ते मोजा. x म्हणजे रुंदी, लांबी नव्हे. ज्यांचा गुणाकार 96 होतो अशा जोड्या: 6 आणि 16, 8 आणि 12. त्यांतली कोणत्या जोडीतला फरक 4 आहे ती. चिन्ह कुणाला कोणतं. ऋण उत्तर सोडून द्यायचं, कारण बागेची रुंदी ऋण नसते. आणि शेवटी विचारलंय काय, रुंदी की दोन्ही? मानसशास्त्रात याला कार्यरत स्मृती म्हणतात. मी पालकांना 'मनातली पाटी' म्हणते. ही पाटी सगळ्यांचीच लहान असते, आणि तिच्यावर दुसरं कुणी काही लिहायला लागलं की पहिलं पुसलं जातं.

आता काळजी काय करते ते बघा. काळजी त्याच पाटीवर लिहिते. 'नापास झाले तर', 'दादाला नव्वद होते', 'बाबांनी क्लासची फी भरलीय'. शब्दांत आलेली प्रत्येक काळजी पाटीवरची एक जागा खाते. ओठाशी पाठ असलेल्या प्रश्नाला पाटी लागतच नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाला काही होत नाही. चौथ्या प्रश्नात सगळी पाटी लागते, तिथे चिन्ह निसटतं.

आता ती मुलगी. वडील एसटीत वाहक, आई शिवणकाम करते, घरात कुणी रागावणारं नाही. पूर्वपरीक्षेत बीजगणितात 21 गुण. वडील माझ्याकडे आले ते उत्तरपत्रिका घडी करून खिशात घालून. म्हणाले, "बाई, घरी हिला सगळं येतं. घाई करते. निष्काळजीपणा नडतो." त्यांच्या मते उपाय एकच होता: जरा आणखी गंभीर व्हायला पाहिजे. म्हणजे झटका वाढवायचा.

मी त्यांना म्हटलं, घरी रविवारी तिला असाच एक कोरा कागद घड्याळ लावून सोडवू द्या, तुम्ही खोलीत बसू नका, आणि सोडवलेला तसाच न तपासता माझ्याकडे आणा. तो आणला. मी तपासला तर 34. मग दोन्ही उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी ठेवल्या. शाळेतल्या पेपरात पहिल्या प्रश्नात आठपैकी आठ, दुसऱ्यात बारापैकी दहा, तिसऱ्यात नऊपैकी तीन, चौथ्यात शून्य, पाचव्यात शून्य. घरच्या पेपरात तेच आकडे आठ, अकरा, सात, सहा, दोन. म्हणजे हरवलेल्या तेरा गुणांतले बारा शेवटच्या तीन प्रश्नांत होते, जिथे पाटी भरते तिथे. बागेच्या उदाहरणात तिने समीकरण बरोबर मांडलं होतं. पुढे (x − 12)(x + 8) लिहिलं, म्हणजे जोडी बरोबर आणि चिन्हं उलटी. रुंदी 12, लांबी 16 आली. बारा सोळे 192, दिलेल्या क्षेत्रफळाच्या दुप्पट. तोंडी गुणाकार केला असता तरी कळलं असतं, पण तिने पडताळा घेतलाच नव्हता. दुसऱ्या उदाहरणात दोन ओळी लिहून खोडल्या होत्या, पुन्हा त्याच दोन ओळी लिहिल्या होत्या, पुन्हा खोडल्या होत्या. खोडलेल्या ओळी बरोबर होत्या.

वडिलांनी ते दोन कागद बराच वेळ बघितले. "म्हणजे हिला येतंय," ते म्हणाले. हो, येतंय. तेच तर.

पालकांना मी सांगते ती खूण हीच. घरच्या आणि वर्गातल्या पेपरातला फरक बघा, आणि तो फरक कुठल्या प्रश्नांत आहे ते बघा. घरी जमतं, वर्गात जमत नाही, सोपं शाबूत राहतं आणि अवघड कोसळतं, बरोबर लिहिलेलं खोडलेलं असतं: हे मूल माथ्याच्या पलीकडे गेलंय. त्याला आणखी ढकलाल तर ते आणखी खाली जाईल. घरीही 20 आणि वर्गातही 20, आणि कोरी सोडलेली उदाहरणं दोन्हीकडे तीच, तर हा ताणाचा प्रश्नच नाही. ते प्रकरण त्याला येत नाही, ते शिकवायला हवं, आणि ते माझं काम आहे. ताणाच्या नावाखाली मुलाचा कच्चा धडा झाकला जाऊ नये, हे सभेत ठासून सांगा. हल्ली उलट्या बाजूची चूकही बरीच होते.

आता तुमचे ते पालक, 'आमचं पोरगं ताणच घेत नाही' म्हणणारे. ह्यांच्यावर चिडू नका, त्यांतल्या काहींचं खरं असतं. डोंगराच्या डाव्या उतारावरची मुलं असतातच. त्यांची उत्तरपत्रिका वेगळी दिसते: चुका पहिल्या प्रश्नातच, वाचायचा कंटाळा केल्यामुळे झालेल्या. 'खालीलपैकी कोणते नाही' यातला 'नाही' दिसलेला नसतो. येत असलेलं उदाहरण अर्धवट सोडलेलं असतं. पेपर संपायच्या अर्धा तास आधी पेन खाली. घरी पेपर दिला तरी हेच. ह्या मुलाला थोडी जाग हवी आहे, आणि ती देणं हे पालकांचं आणि माझं काम आहे. फक्त 'आयुष्याचं काय करणार आहेस' या वाक्याने ती येत नाही. आयुष्य त्याच्यासाठी फार लांब आहे. त्याला जाग येते जवळच्या, छोट्या, तारीख असलेल्या गोष्टीने: रविवारी अकरा वाजता पेपर, संध्याकाळी तपासलेला परत, गुण वहीत त्याच्या हाताने लिहिलेले, पुढच्या रविवारी पुन्हा. चार रविवारांत तो माथ्याकडे सरकतो. नाही सरकला तर मला सांगा.

पण ताण न घेणाऱ्यांत दुसरा एक प्रकार मिसळलेला असतो, आणि तो फसवतो. हे मूल पुस्तक उघडायलाच तयार नसतं, क्रिकेट बघतं, हसत फिरतं, 'होईल की' म्हणतं. खरं तर ते इतकं भेदरलेलं असतं की त्या विषयाजवळ जाणंच टाळतं. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? घरी पेपर समोर ठेवा. पेंगणारा आळस देत बसतो आणि कसाबसा सोडवतो. टाळणारा बसायलाच तयार होत नाही, भांडण काढतो, पोट दुखतं म्हणतो, पाणी प्यायला चार वेळा उठतो. माझ्या त्या गुण वाचून दाखवण्याच्या वर्षी जे खाली आले ते हेच होते. मी त्यांना आळशी समजले होते.

मग माथ्यापलीकडच्या मुलासाठी करायचं काय? पालकांचं पहिलं उत्तर असतं 'त्याला सांगतो, टेन्शन घेऊ नकोस'. हे सांगून जाग कमी होत नाही. उलट आता मुलाला टेन्शन आल्याचंही टेन्शन येतं. मी फळ्यावरच्या उभ्या रेघेकडे बोट दाखवते आणि म्हणते, ही रेघ डावीकडे सरकवणं आपल्या हातात फारसं नाही. बोर्डाचा पेपर आहे, अनोळखी केंद्र, अनोळखी पर्यवेक्षक, धडधड होणारच. आपल्या हातात आहे ते डोंगर सरकवणं. अवघड खोकं सोपं करता येतं. जे आज पाटीवर मांडून करावं लागतं ते उद्या हाताला सवयीने आलं, तर त्याच धडधडीत ते जमतं.

त्या मुलीबरोबर आम्ही पाच आठवडे हेच केलं. नवीन काही शिकवलं नाही. तिला घातक ठरणारी जागा एकच होती, शाब्दिक उदाहरण, म्हणून आकडे बदलून एकाच साच्याची उदाहरणं दिली: बागेची, दोन क्रमागत संख्यांची, वयांची. एकेका साच्याची दहा-बारा, तीही एका दिवशी नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. पहिली ओळ कायम एकच, 'x मानू', आणि पुढे x म्हणजे काय ते मराठीत पूर्ण लिहायचं. तेवढी एक गोष्ट पाटीवरून कागदावर उतरते. जोड्या कच्च्या कामात सगळ्या लिहून मग निवडायच्या, डोक्यात निवडायच्या नाहीत. आणि शेवटची ओळ कायम पडताळ्याची, मग वेळ असो वा नसो. पहिल्या आठवड्यात ती वैतागली. "बाई, हे मला येतं." म्हटलं, येतं म्हणूनच करायचं. येत नसतं तर आधी शिकवलं असतं.

दुसरी गोष्ट, वाचून उजळणी बंद. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सोडवायचं, मग उघडून ताडायचं. यामागे निव्वळ माझा अनुभव नाही. 2016 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात एक प्रयोग झाला. काहींनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा बघून पाठ केली, काहींनी न बघता आठवून. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना लोकांसमोर ऐनवेळी भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून ताण दिला. ताणाखाली वाचून पाठ करणाऱ्यांचं विसरणं वाढलं. आठवून पाठ करणाऱ्यांचं वाढलं नाही. तो प्रयोग शब्दांचा होता, बीजगणिताचा नव्हता, हे खरं. पण माझ्या वर्गात मला तेच दिसतं. पालकांना मी एवढंच सांगते: मूल पुस्तकाकडे बघत बसलंय म्हणजे अभ्यास चाललाय असं समजू नका. कोरा कागद भरतोय का ते बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे तीच धडधड आधी दोन-चार वेळा अनुभवणं. दर रविवारी अकरा वाजता ती शाळेत येऊन पेपर द्यायची. घरी नाही, आणि माझ्या वर्गातही नाही, दुसऱ्या वर्गात, तिला न शिकवणाऱ्या सरांच्या देखरेखीखाली. वेळ बोर्डासारखी: साडेदहाला जागेवर, अकराला पेपर हातात. पहिल्या रविवारी 24. दुसऱ्या रविवारीही 24, आणि वडिलांचा चेहरा पडला. मी उत्तरपत्रिका दाखवली. चौथ्या प्रश्नात या वेळी खाडाखोड नव्हती, वेळ अपुरा पडला होता. ही वेगळी चूक होती, आणि बरी चूक होती. तिसऱ्या रविवारी क्रम बदलला: पहिला-दुसरा प्रश्न चाळीस मिनिटांत उरकायचा, मग थेट चौथा, तिसरा त्यानंतर. 29 आले.

आता घरातलं बोलणं. पालकसभेत सगळ्यात जास्त शांतता इथे होते, म्हणून इथे वेळ द्या. मी म्हणते, घरात कुणी रागावत नाही म्हणजे झटका नाही असं समजू नका. त्या मुलीच्या घरी कुणीच ओरडत नव्हतं. पण दहावी म्हणून वर्षभर टीव्ही बंद होता, आईने शिवणाची कामं घेणं कमी केलं होतं, गावची जत्रा चुकवली होती, आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमच्या पोरीची दहावी आहे' म्हणून दारातूनच परत पाठवत होती. मुलीने मला सांगितलं, "बाई, मला कमी पडले तर सगळ्यांचं वर्ष वाया जाईल." हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक बंद गोष्टीने म्हटलं होतं. आणि चौथा प्रश्न सोडवताना तेच तिच्या पाटीवर होतं.

म्हणून पालकांना मी ठोस सांगते. शिवणयंत्र पुन्हा सुरू करा, बातम्या लावा, आवाज कमी ठेवा. 'किती पडतील' हा प्रश्न परीक्षा संपेपर्यंत विचारायचा नाही. मामा-काकांनी फोनवर विचारला तर उत्तर तुम्ही द्या, फोन मुलाच्या हातात देऊ नका. भावा-बहिणीचे आणि शेजारच्यांचे गुण काढायचे नाहीत. पेपर देऊन आल्यावर प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरं ताडायची नाहीत, कारण झालेल्या पेपरातली एक चूक सापडली की ती पुढच्या पेपराच्या पाटीवर जाऊन बसते. ताडायचीच असतील तर शेवटच्या पेपरानंतर हवी तितकी ताडा. 'तू काय खाणार' हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी चालतो.

नापास व्हायची भीती ज्या घरात खरोखर आहे, तिथे माहिती द्या. माहितीने झटका कमी होतो. गुणपत्रिकेत उत्तम पाच विषयांचे गुण धरतात, पुरवणी परीक्षा उन्हाळ्यानंतर लगेच असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे कित्येक पालकांना माहीत नसतं. मुलाला वाटत असतं की 35 च्या खाली दरी आहे. तिथे दरी नाही, खड्डा आहे, हे एकदा स्वच्छ सांगितलं की बरीचशी मुलं थोडी सैल होतात. आळशी होतील अशी भीती पालकांना वाटते. डाव्या उतारावरच्या मुलाला हे सांगू नका, झालं.

पेपरच्या सकाळचं थोडं सांगा. हाताला घाम, पोटात गोळा, दोनदा लघवीला जाणं: यातलं काहीच वाईट नाही. 1967 साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखवले, एक शरीराचा आणि एक मनातल्या काळजीच्या शब्दांचा. गुणांवर घसरण दिसते ती मुख्यतः दुसऱ्याची. म्हणून मुलाला सांगायचं, "धडधडतंय ना? धडधडू दे. अंग तयार होतंय." काळजीचे शब्द मात्र तोडायचे. हॉलमध्ये डोकं रिकामं झालंसं वाटलं तर पेन खाली ठेवून पाच-सहा वेळा श्वास सावकाश, लांब सोडायचा, आणि त्या उदाहरणावर न अडकता पहिल्या प्रश्नातलं एक सोपं करायचं. हात चालू झाला की परत यायचं.

व्हॉट्सॲपवर एक उपाय फार फिरतो: पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढा, गुण वाढतात. त्यामागे 2011 सालचा खरा अभ्यास आहे, पण 2018 साली इतर संशोधकांनी तो प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. मी मुलांना तो सुचवत नाही, पण ज्याला लिहून बरं वाटतं त्याला अडवतही नाही. साडेदहाला जागेवर बसायचं असताना केंद्राच्या दारात वही काढून लिहीत बसू नये, एवढंच.

डोंगराच्या आलेखात न बसणारी मुलंही असतात, आणि हे एक वाक्य भाषणात विसरू नका. सलग आठ-दहा रात्री झोप नाही, जेवण सुटलंय, दिवसभर रडतंय किंवा एकदम गप्प झालंय, 'मी नसलेलं बरं' असं काही बोललंय, तर हा परीक्षेच्या ताणाचा आणि माझ्या रविवारच्या पेपरांचा विषय नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, मुलाला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस ही फुकट मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलतात. हा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात सभेच्या आधीच लिहून ठेवते, म्हणजे कुणाला तो सगळ्यांदेखत विचारावा लागत नाही.

सभेच्या शेवटी एक वडील हमखास उठतात: "मग बाई, आम्ही काहीच बोलायचं नाही का?" मी त्यांना त्या वाहकाचं सांगते. बीजगणिताच्या पेपरला तो मुलीला स्वतः केंद्रावर सोडायला आला होता. त्याला वाटेत काहीतरी बोलायचं होतं, आणि काय बोलू म्हणून आदल्या दिवशी मला फोनही केला होता. मी म्हटलं, पेपरबद्दल सोडून काहीही. तर तो तिला सगळ्या वाटेवर एसटीतल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाची गोष्ट सांगत आला, जो कोंबडी पिशवीत घालून तिकीट वाचवायला बघत होता. मुलगी केंद्राच्या दारात हसत उतरली. तिला बोर्डात बीजगणितात 31 पडले. वडिलांचं अजूनही म्हणणं आहे की 34 पडायला हवे होते.